एकशे बावन्न सेंटीमीटरची बाई

ओगुरो-सानांबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला ताप. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या तोंडून त्यांच्याबद्दल चार बरे शब्द निघालेच, तर कोणाचा गैरसमज व्हायला नको.

योनागो शहरात आमचं आठ जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. दाताचे दवाखाने, पाळणाघरं, एखादं सार्वजनिक सभागृह, असली कामं. इमारत आम्ही काढतो. इमारत सोडून चित्रात जे जे असतं ते ओगुरो-सान काढतात. झाडं, माणसं, गाड्या, सायकली, कधी एखादं कुत्रं. कागदावरच्या इमारतीकडे नुसतं बघून ती किती मोठी हे कोणाला कळत नाही. दारापाशी माणूस उभा केला की कळतं. एकोणचाळीस वर्षं हा माणूस दारापाशी माणसं उभी करतोय.

तरुणपणी त्यांना स्वतःलाच आर्किटेक्ट व्हायचं होतं. सरकारी परीक्षेला सहा वेळा बसले आणि सहाही वेळा आराखडा काढायच्या पेपरात नापास झाले. मी एकदा कारण विचारलं.

"वेळ संपायचा," ते म्हणाले. "जिन्यापाशी एक माणूस उभा केला होता. त्याचा हात कठड्यावर नीट बसत नव्हता."

"आणि सहाव्या वेळी?"

"सहाव्या वेळी हात बसला. जिना राहिला."

आता हसावं की कपाळाला हात लावावा? मी कपाळाला हात लावला. पुढे तीच सवय झाली.

त्यांच्या प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे एक बाई असते. कधी छत्री घेऊन, कधी सायकल धरून, कधी नुसतीच पिशवी हातात घेऊन. ती त्यांची बायको, फुमिए-सान. उंची एकशे बावन्न सेंटीमीटर. लग्नाच्या वर्षी स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून मोजलेली. आमच्या मापाची सुरुवात त्या बाईपासून व्हायची. आधी ती उभी राहणार, मग तिच्या मानाने बाकीचे. फुमिए-सान कधी टोफू-चिकुवाचा, म्हणजे टोफू आणि माशाच्या वाफवलेल्या नळ्यांचा, डबा घेऊन ऑफिसात आल्या की भिंतीवरच्या चित्रांकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बँकेबाहेर मी, दोन इस्पितळांबाहेर मी, स्मशानाबाहेरसुद्धा मी. पण या माणसाने मला आत म्हणून कुठे नेलं नाही!"

"आत तुझं काही काम नव्हतं," ओगुरो-सान मान वर न करता म्हणायचे.

चित्रात तीनपेक्षा जास्त माणसं त्यांना खपत नसत. "चौथा आला की लोक इमारत सोडून लग्नाला कोण कोण आलंय ते बघायला लागतात." झाडावर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. झाड तीन मीटरचंही असतं आणि तेरा मीटरचंही. झाडावरून इमारतीचं माप काढणं म्हणजे आवाजावरून वय काढणं. बरं, तीनच माणसं काढायची तर ती अर्ध्या दिवसात व्हावीत की नाही? नाव नको. तीन दिवस! माणूस एक दिवस चालवून बघायचे, दुसऱ्या दिवशी उभा करायचे, तिसऱ्या दिवशी पुसायचे. आमचे साहेब, नागाकुरा-सान, काचेच्या दारातून बघत दात-ओठ खात बसायचे. मधे मी.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात साहेबांनी तयार आकृत्यांची वर्गणी घेतली. कॉम्प्युटरवर हजारो माणसं, झाडं, गाड्या. उचलायची आणि चित्रात टाकायची. हल्लीची फॅशन म्हणजे ही माणसं पांढुरकी, आरपार दिसणारी. चेहरा नाही, कपड्यांना रंग नाही, नुसता बाह्याकार. साहेब खूश झाले. ओगुरो-सानांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "भुतं आहेत." आणि जाऊन पेन्सिलीला टोक करत बसले.

तेव्हाच मुरोझुमी बाईंचं काम आमच्याकडे होतं. बाई शहराच्या दक्षिणेला एक बालवाडी चालवतात. पासष्ट मुलं. जुनी इमारत भूकंपाच्या तपासणीत नापास झाली होती, मार्चअखेर रिकामी करायची होती. नवी जागा मिळाली ती एका चिंचोळ्या गल्लीत, चाळीस घरांच्या मधोमध. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी अनुदानाचा अर्ज जायचा होता आणि अर्जासोबत मोहल्ला-मंडळाचं 'हरकत नाही' असं पत्र हवं होतं. पत्र नाही तर अनुदान नाही. अनुदान नाही तर एप्रिलमध्ये पासष्ट मुलं आणि नऊ शिक्षिका रस्त्यावर. बाई हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगायच्या की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटायचं.

इमारत मी काढली होती. बैठी, कौलारू उतरतं छप्पर, पागोळी, म्हणजे छपराची खालची कड, जमिनीपासून दोन मीटर सत्तर. मुलांसाठीच इतकी खाली ठेवली होती. शेजाऱ्यांच्या उन्हाला धक्का लागू नये म्हणून मी महिनाभर डोकं फोडलं होतं. आता चाळीस घरांत वाटायच्या पत्रकासाठी एक चित्र हवं होतं.

ओगुरो-सान मुलं काढायला बसले. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर कागदावर एकच मुलगी, ती पण वाकून मोजा वर ओढणारी.

"ओगुरो-सान, उद्या दुपारी पत्रक छापायला जायचंय."

"मूल सरळ उभं राहत नाही," ते म्हणाले. "सरळ उभं राहिलं की ते फोटोतलं मूल वाटतं."

"मग वाकडं काढा, पण काढा!"

"डोकं बघ तिचं. मोठ्या माणसाचं डोकं उंचीचा सातवा हिस्सा. हिचं पाचवा. एवढं जमलं की झालं."

ते काही जमेना. साहेब बाहेर आले आणि मला म्हणाले, "मिझोए, तू तयार आकृत्या टाक आणि मोकळी हो. आणि जरा गजबज दिसू दे. बालवाडी आहे, मठ नाही."

मी टाकल्या. त्या संग्रहात लहान मुलं जवळजवळ नव्हतीच. सूटवाले साहेब लोक होते, पर्सवाल्या बायका होत्या. मी हाफ पँट घातलेले, टोपी घातलेले, पाठीला पिशवी लावलेले असे शोधून काढले आणि कोपऱ्याला धरून लहान करत करत एक मीटरचे केले. छान चाळीसेक टाकले. फाटकापाशी मुलांना सोडायला आलेली एक गाडी टाकली, तिचं माप मात्र बरोबर ठेवलं. पश्चिमेच्या भिंतीसमोर चार डेरेदार झाडं लावली. साहेब म्हणाले, "वा! जिवंत झालं की नाही?" ओगुरो-सानांनी चित्र बघायला मागितलं नाही आणि मीही दाखवलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता की दाखवायची इच्छाच नव्हती.

पत्रक वाटलं. चार दिवसांनी मोहल्ल्याच्या सभागृहात सभा झाली. घडीच्या खुर्च्या, जवाच्या चहाची किटली, तीसेक माणसं. मी नमस्कार करून तोंड उघडणार, इतक्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे उभे राहिले. हाशिझुमे-सान, वय एक्याऐंशी, हयातभर सुतारकाम केलेले. आमच्या जागेच्या पश्चिमेला त्यांचंच घर. मोहल्ला-मंडळाचे अध्यक्षही तेच, म्हणजे शिक्का त्यांच्याच खिशात.

"बाई, तुम्ही बालवाडी बांधताय की कारखाना?"

"बालवाडी," मी म्हणाले.

"मग ही चाळीस माणसं कोण? पहिल्या पाळीचे कामगार?"

मागून हसू आलं. मी म्हणाले की ती मुलं आहेत. हाशिझुमे-सानांनी पत्रक नाकाशी धरलं, मग लांब धरलं.

"ही मुलं? यांना खांदे आहेत. या एकाची कंबर बघा, बाप्या आहे तो. आणि माणूस एवढा तर ही पागोळी साडेचार मीटरवर गेली. छपराचा कणा सात मीटर. माझ्या परसात हिवाळ्यात ऊन कुठून येणार?"

"पागोळी दोन मीटर सत्तरच आहे, आजोबा. इथे आकडा लिहिलाय."

"आकडा तुम्ही लिहिलात, चित्रही तुम्हीच काढलंत. दोघांतला कोण खोटं बोलतोय ते आधी ठरवा."

मागच्या रांगेतली एक बाई उठली. "आणि ही गाडी केवढी मोठी आहे! या मुलांना आणायला ट्रक येणार का? आमच्या चार मीटरच्या गल्लीत?"

झालं. गाडी खरी होती, माणसं खोटी होती, आणि दोन्ही शेजारी शेजारी उभी केल्यावर गाडीच राक्षसासारखी दिसत होती. करायला गेले गणपती, झाला मारुती. तासभर मी घसा कोरडा करून सांगत राहिले. कोणी ऐकेना. मुरोझुमी बाई कोपऱ्यात बसून मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या. शेवटी हाशिझुमे-सान म्हणाले, "मंगळवारी पुन्हा या. खरं चित्र घेऊन या. नाहीतर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी ते पत्रक ओगुरो-सानांच्या टेबलावर ठेवलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून उभी राहिले. त्यांनी एका पांढऱ्या आकृतीवर पट्टी ठेवली, डोकं मोजलं, उंची मोजली.

"सातवा हिस्सा," ते म्हणाले. "मोठी माणसं आहेत. लहान केलीस म्हणून मूल होत नाही, मिझोए. लांबचा माणूस होतो, नाहीतर इमारत मोठी होते. आणि मोठ्या माणसाचे डोळे डोळ्याच्या रेषेवर, म्हणजे चित्र बघणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर, यायला हवेत. जवळचा असो, लांबचा असो, पाय खाली-वर होतील, डोळे तिथेच. तुझ्या सगळ्यांचे रेषेच्या खाली आहेत, म्हणून नजर गोंधळते."

"हे मला शाळेतच शिकवलंय," मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही दोन दिवसांत एक मुलगी काढलीत, म्हणून ही वेळ आली!"

"हो," ते म्हणाले. "तेही खरं आहे."

असं कोणी कबूल करून टाकलं की भांडायलासुद्धा काही उरत नाही.

ते त्याच दुपारी चौकटीला लावलेला कागद घेऊन त्या गल्लीत जाऊन बसले. मी सोबत गेले, कारण या खेपेला त्यांच्यावर नजर ठेवायचं मी ठरवलं होतं. समोर हाशिझुमे-सानांची सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणाची भिंत, आत पानं झडलेलं पर्सिमनचं झाड, टोमॅटोसारखी नारिंगी फळं तेवढी लटकलेली. बाहेर त्यांची छोटी पांढरी मालवाहू गाडी. म्हातारे भिंतीपाशी उभे राहून पडलेली पानं झाडत होते, पायाशी कुत्री.

"यांनाच चित्रात घेतो," ओगुरो-सान हळूच म्हणाले. "त्यांच्या घराशेजारी बांधतोय, तर मापाला तेच बरे. गाडी त्यांची, झाड त्यांचं. दुसरं कोणाचं झाड आणलं तर ते म्हणतील, हे कुठलं?"

"मग जाऊन उंची विचारून येऊ?"

"विचारू नये. विचारली की माणूस तरुणपणची उंची सांगतो. ठोकळे मोज. एक ठोकळा सांध्यासकट वीस सेंटीमीटर. आठ ओळी, आणि वर थोडं. एकशे त्रेसष्ट."

शनिवार, रविवार, सोमवार. चित्रात किती माणसं? चार! मी त्यांना चिमटा काढला, तर म्हणाले, मुलाला अर्धं धरायचं. भिंतीपाशी हाशिझुमे-सान आणि कुत्री. फाटकाशी उकिडवी बसलेली शिक्षिका, तिचं डोकं समोरच्या मुलीच्या डोक्याइतकंच उंच. ती मुलगी, मोजा ओढणारी. आणि लांब सायकल धरून फुमिए-सान. उभ्या मोठ्या माणसांचे डोळे रेषेच्या आसपास, मुलीचं अख्खं डोकं रेषेच्या खाली. दोन मीटर सत्तरची पागोळी एकदम आपल्या जागी येऊन बसली. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून आणला.

साहेबांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पश्चिमेच्या भिंतीपुढे काहीच नाही?"

"पर्सिमन आहे," ओगुरो-सान म्हणाले.

"त्याला पानं नाहीत. भिंत सगळी दिसतेय."

"भिंत दिसायलाच हवी. त्यांना रोज तीच बघायची आहे."

"बरं. मग निदान माणसं जराशी मोठी करा. दहा टक्के. कोणाला कळणार नाही आणि इमारत जरा नमती वाटेल."

ओगुरो-सानांनी पेन्सिल खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात माणसं लहान केली म्हणून इमारत फुगली. आता मोठी करून तिला दाबायची? साहेब, मग मापाला माणूस हवाच कशाला? फूटपट्टी वाकवा ना सरळ."

"अहो, बालवाडी राहते की जाते असा प्रश्न आहे!"

"म्हणूनच नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मनातून मलाही वाटत होतं, करा ना दहा टक्के, आपल्याच चुकीने बुडत चाललंय, तुमच्या तत्त्वांपायी पासष्ट मुलं का बुडवताय? पण मी चित्रावरचा खोडरबराचा भुगा झटकत राहिले. दोघांचाही राग आला आणि स्वतःचा सगळ्यात जास्त.

मंगळवारची सभा. या खेपेला ओगुरो-सान स्वतः आले, मागच्या खुर्चीवर बसले. चित्र फळ्याला लावलं. लोक जवळ येऊन बघू लागले. कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर अध्यक्ष!" "कुत्रीपण आहे की!" ट्रकवाली बाई म्हणाली, "एवढीच बैठी आहे होय? मग मागचं काय होतं?" मुरोझुमी बाईंच्या हातातली रुमालाची घडी थांबली.

हाशिझुमे-सान चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. खिशातून सुताराची पट्टी काढली. गाडीवर ठेवली, माणसावर ठेवली.

"चुकलंय," ते म्हणाले.

मी पट्टीकडे वाकून बघितलं.

"गाडीच्या छपरावरचा बर्फ काढायला मला खोक्यावर चढावं लागतं. या चित्रातल्या माणसाला लागणार नाही. मी एवढा उंच नाही."

ओगुरो-सान उठून पुढे आले. "एकशे त्रेसष्ट धरलेत. भिंतीच्या ठोकळ्यांवरून मोजले."

"किती ओळी मोजल्या?"

"आठ. आणि वर तीन सेंटीमीटर."

"तळची ओळ पाच सेंटीमीटर जमिनीत आहे," हाशिझुमे-सान म्हणाले. "मीच रचली, त्रेचाळीस वर्षांपूर्वी. मी एकशे अठ्ठावन्न."

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "चला, अध्यक्ष चित्रात तरी वाढले!" म्हातारेही हसले. वातावरण एकदम सैल झालं. मुरोझुमी बाईंनी संमतीपत्र पिशवीतून काढलंसुद्धा. हाशिझुमे-सानांचा हात शिक्क्याच्या खिशाकडे गेला. माझ्या डोळ्यांनी मी बघितलं, गेला.

आणि ओगुरो-सान म्हणाले, "थांबा."

मी त्यांची बाही ओढली. त्यांनी सोडवून घेतली.

"तुम्ही एकशे अठ्ठावन्न असाल, तर हे चित्र आमच्या बाजूने खोटं बोलतंय. तुम्ही स्वतःवरून माप काढलंत तर पागोळी आठ सेंटीमीटर खाली वाटेल. आहे त्यापेक्षा खाली. यावर आज शिक्का मारू नका."

हातातोंडाशी आलेला घास! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आठ सेंटीमीटर! कौलाच्या एका कडेइतके! साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मुरोझुमी बाई कागद हातात धरून तशाच उभ्या. हाशिझुमे-सानांनी ओगुरो-सानांकडे नीट बघितलं, जणू आत्ताच दिसले. मग खिशातून रिकामा हात बाहेर काढला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दुरुस्त करून आणा." आणि बूट चढवून निघून गेले.

बाहेर गाडीत बसल्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. साहेब त्याहून वाईट बोलले. शुक्रवारी अर्ज, मंगळवार संपलेला. "तुम्हाला बालवाडी हवी आहे की स्वतःचा खरेपणा?" मी विचारलं. ओगुरो-सान खिडकीतून बाहेर बघत होते.

"पाच सेंटीमीटर," ते म्हणाले. "तळची ओळ मी बघायला हवी होती."

म्हणजे मी काय बोलतेय ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी सात वाजता त्यांना घेऊन मी पुन्हा त्या गल्लीत गेले. रात्री झोप नव्हती, डोळे चुरचुरत होते. म्हाताऱ्याची मनधरणी कशी करायची, याची वाक्यं पाठ करत होते. एकही लागलं नाही.

हाशिझुमे-सान आमच्या आधीच भिंतीपाशी उभे होते. पायात फक्त मोजे, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. पाठ भिंतीला टेकलेली, हनुवटी आत. हातात सुताराचा लोखंडी काटकोन, स्वतःच्याच डोक्यावर आडवा धरलेला. थंडीने नाक लाल.

"किती वेळ झाला तुम्हाला, आजोबा?" मी विचारलं.

"मोजा आधी. बोलू नका, डोकं हलतं."

ओगुरो-सानांनी फीत लावली. दोघे म्हातारे एकमेकांच्या इतके जवळ, श्वास रोखून.

"एकशे सत्तावन्न," ओगुरो-सान म्हणाले. "आणि अर्धा."

"अर्धा सोडू नका."

"सोडत नाही."

हाशिझुमे-सानांनी काटकोन खाली घेतला. भिंतीकडे वळून बघितलं. "काल एकशे अठ्ठावन्न म्हणालो मी. अठ्ठावन्न होतो, बायको गेली तेव्हा. तेव्हाच शेवटचं मोजलं होतं कोणीतरी." मग चपला शोधत म्हणाले, "मला ती बालवाडी नकोच आहे, हं. मुलं किंचाळतात. पण केवढी येतेय ते मला कळलंय."

गुरुवारी दुरुस्त चित्र गेलं. हाशिझुमे-सानांनी पुन्हा पट्टी लावली, माणूस, गाडी, पागोळी. मग संमतीपत्र चित्रावर न ठेवता बाजूला ठेवला, चित्राला शाई लागू नये म्हणून, आणि शिक्का मारला. शुक्रवारी अर्ज गेला. मुरोझुमी बाई फोनवर पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. साहेबांनी तयार आकृत्यांची वर्गणी काही बंद केली नाही, पण शेजाऱ्यांना दाखवायचं चित्र आता ओगुरो-सानांकडेच जातं. म्हणजे माझं डोकं खाणं चालूच.

सोमवारी ते ऑफिसात आले आणि काम सुरू न करता बसून राहिले. मला वाटलं, पुन्हा काही चूक सापडली. मी जवळ गेले. टेबलावर गेल्या आठ-दहा वर्षांतल्या चित्रांच्या प्रती पसरलेल्या. दवाखाना, ग्रंथालय, बस स्थानक. प्रत्येकात कुठेतरी फुमिए-सान.

"काल हिला चौकटीला उभं केलं," ते म्हणाले. "एकशे एकोणपन्नास."

मी खुर्ची ओढून बसले.

"मी परत मोजलं. एकोणपन्नासच. मी तिला म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, मला काय माहीत, वरच्या फळीवरचा डबा तर गेली सहा वर्षं तुम्हीच काढून देताय."

ते बालवाडीच्या चित्रावरून बोट फिरवत सायकलपाशी थांबले.

"म्हाताऱ्याच्या भिंतीची तळची ओळ दिसली नाही, हे मी समजू शकतो, मिझोए. ती जमिनीत होती. ही तर रोज समोर होती."

मी खोडरबर त्यांच्या हाताशी सरकवलं. त्यांनी ते घेतलं आणि सायकलवाल्या बाईला तीन सेंटीमीटर खाली आणायला सुरुवात केली. त्या बाईवर ते तीन दिवस काम करत बसले, आणि मी त्यांना एकदाही घड्याळ दाखवलं नाही.